तंतुकणिकेची आकृती प्रमाणात काढताना: श्वसनाची कोणती पायरी कोठे घडते

तंतुकणिकेची आकृती बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. शेंगेसारखा एक लंबगोल, त्याच्या आत दुसरी रेघ, त्या रेघेतून आत शिरलेल्या बोटांसारख्या घड्या आणि उजवीकडे ओळीने लिहिलेली चार नावे, एवढे झाले की गुण मिळतात. पण त्याच आकृतीवर पेन्सिलीचे टोक ठेवून ‘श्वासातल्या ऑक्सिजनचे पाणी नेमके कोठे होते ते दाखवा’ असे म्हटले, की वर्ग गप्प होतो, कारण ती आकृती नावांसाठी काढलेली असते, जागांसाठी नव्हे. प्रस्तुत लेखात ही आकृती पुन्हा एकदा, पण प्रमाणात काढायची आहे आणि प्रत्येक रेघ काढताना श्वसनाची कोणती पायरी त्या रेघेच्या कोणत्या बाजूला घडते ते तिथेच लिहायचे आहे.

त्यासाठी एक आडवा कोरा कागद, टोक काढलेली पेन्सिल, मोजपट्टी आणि निळा व पिवळा असे दोन रंग पुरेत. प्रमाण एक लाखपट धरावे, म्हणजे खऱ्या १० नॅनोमीटरसाठी कागदावर १ मिलिमीटर येतो आणि हिशेब तोंडी करता येतो. साधारण २ मायक्रोमीटर लांब आणि अर्धा मायक्रोमीटर रुंद अशी तंतुकणिका कागदावर २० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद होते. जिवंत पेशीत त्या सतत लांबतात, फाटे फोडतात, एकमेकींना जुळतात आणि तुटतात, त्यामुळे शेंगेचा आकार ही केवळ सोय आहे हे ध्यानात असू द्यावे.

पहिली पायरी: बाहेरचे पटल

२० बाय ५ सेंटिमीटरचा लंबगोल एकाच बारीक रेघेने काढावा. पटलाची जाडी सहा-सात नॅनोमीटर, म्हणजे आपल्या प्रमाणात पाऊण मिलिमीटरही भरत नाही, तेव्हा पेन्सिलीची एक रेघ म्हणजेच एक पटल. पाठ्यपुस्तकांत दिसणारी जाडजूड दुहेरी कडा येथे काढू नये.

या रेघेवर जागोजागी खोडरबराने बारीक फटी पाडाव्यात. बाहेरच्या पटलात पोरिन नावाच्या प्रथिनांची रुंद छिद्रे असतात आणि त्यांतून पायरुव्हेट, फॉस्फेट, एडीपी, एटीपी आणि साधे आयन सहज ये-जा करतात, मात्र बहुतेक प्रथिने मोठी असल्याने अडतात. ग्लुकोजचे दोन पायरुव्हेटमध्ये विघटन होण्याची पहिली पायरी, म्हणजे ग्लायकोलायसिस, या लंबगोलाच्या पूर्णपणे बाहेर, पेशीद्रव्यात घडते, म्हणून ती समासात लिहावी. तेथे एका ग्लुकोजमागे निव्वळ दोन एटीपी आणि दोन एनएडीएच मिळतात. ग्लुकोज स्वतः तंतुकणिकेत जात नाही. ‘तंतुकणिकेत ग्लुकोज जळते’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत इतक्या वेळा येते, की ही समासातली नोंद मी आधी करून घेतो.

दुसरी पायरी: आतले पटल, पेन्सिल न उचलता

आता बाहेरच्या रेघेपासून एक-दीड मिलिमीटर आत सरकून दुसरी रेघ सुरू करावी. तेवढे अंतर म्हणजेच दोन पटलांमधला अवकाश, प्रत्यक्षात दहा-पंधरा नॅनोमीटरचा. काही पुस्तकांत त्याला ‘आंतरपटल अवकाश’ म्हटलेले असते, पण तो शब्द वाचून अनेकांचा समज ‘आतल्या पटलाच्या आतला अवकाश’ असा उलटाच होतो, म्हणून येथे मी लांबच नाव वापरतो.

ही रेघ काढताना एक नियम पाळावा: पेन्सिल कागदावरून उचलायची नाही. रेघ कडेने थोडी पुढे न्यावी, मग आत वळवून तीनेक सेंटिमीटर खोल न्यावी, तेथून वळवून दोन-तीन मिलिमीटरच्या अंतराने परत कडेपर्यंत आणावी आणि पुन्हा कडेने पुढे न्यावी. अशी एक घडी म्हणजे एक क्रिस्टा, आणि तिचे अनेकवचन क्रिस्टी. पंधरा-वीस क्रिस्टी काढून रेघ जेथे सुरू केली तेथेच आणून मिटवावी.

या नियमामागे कारण आहे. क्रिस्टा हा कपाटातल्या फळीसारखा वेगळा बसवलेला तुकडा नव्हे, ती आतल्या पटलाचीच घडी आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज पॅलाड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या घड्या पाहून त्यांना क्रिस्टी हे नाव दिले, तेव्हाच त्या पटलाच्या घड्या आहेत की स्वतंत्र आडभिंती आहेत यावर मतभेद होते. पुढे इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने त्रिमितीय चित्रे मिळाली, तेव्हा असे दिसले की बहुतेक क्रिस्टी पिशवीसारख्या किंवा नळीसारख्या असतात आणि कडेच्या पटलाला वीस-तीस नॅनोमीटरच्या अरुंद गळ्याने जोडलेल्या असतात. म्हणून आपल्या आकृतीतही प्रत्येक घडीचे तोंड किंचित आवळून घ्यावे.

रेघ पूर्ण झाली की रंग भरावेत. दोन रेघांमधली फट निळी करावी, आणि निळी पेन्सिल तशीच प्रत्येक क्रिस्टीच्या गळ्यातून आत, टोकापर्यंत न्यावी. घडीच्या पोटातली जागा ही त्याच अवकाशाचा फाटा आहे. मधला उरलेला सगळा भाग, म्हणजे आधारद्रव्य किंवा मॅट्रिक्स, पिवळा करावा. निळा रंग एकही रेघ न ओलांडता प्रत्येक घडीच्या टोकाशी पोहोचला आणि पिवळा भाग कोठेही निळ्याला मिळाला नाही, तर आकृती बरोबर आहे. मी तपासलेल्या आकृत्यांत सर्वाधिक आढळणारी चूक येथेच असते: घडीचे पोट पिवळे रंगवलेले असते, किंवा घडीचे तोंड रेघेने बंद केलेले असते. एकदा ही चूक झाली की पुढच्या प्रत्येक बाणाची दिशा उलटी होते.

तिसरी पायरी: पिवळ्या भागातली कामे

आतले पटल बाहेरच्यासारखे सच्छिद्र नाही. त्यातून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी पार होतात, पण आयन आणि विद्युतभारित रेणू यांना ठरावीक वाहक प्रथिनांशिवाय वाट मिळत नाही. पायरुव्हेट बाहेरच्या छिद्रांतून निळ्या भागात सहज येते, पण पिवळ्या भागात जायला त्याला स्वतःचे वाहक प्रथिन लागते. आकृतीत आतल्या रेघेवर एक छोटा चौकोन काढून त्यातून बाण आत न्यावा.

आत आल्यावर पायरुव्हेटचा एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो, एक एनएडीएच तयार होतो आणि उरलेले दोन कार्बन असेटिल-कोएन्झाइम-एच्या रूपात क्रेब चक्रात शिरतात. चक्राच्या एका फेरीत आणखी दोन कार्बन डायऑक्साइड, तीन एनएडीएच, एक एफएडीएच२ आणि एक जीटीपी मिळतो. एका ग्लुकोजचे दोन पायरुव्हेट असल्याने हे सगळे दुप्पट धरावे. आपण उच्छ्वासातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, तो ग्लुकोजपुरता सगळा पिवळ्या भागात तयार झालेला असतो. तेथे ऑक्सिजन प्रत्यक्ष वापरला जात नाही, हेही लिहून ठेवावे.

हे चक्र आधारद्रव्यातच का चालते, याचे उत्तर जागेत आहे. तेथे विकरे दाटीने विरघळलेली असतात आणि एका विकराचे उत्पादन दुसऱ्याला लगेच मिळते. या चक्राचे एकच विकर पिवळ्या भागात मोकळे नसून आतल्या पटलात रुतलेले असते, ते म्हणजे सक्सिनेट डीहायड्रोजनेज. एफएडीएच२ त्यातच घडतो आणि त्याचे इलेक्ट्रॉन तेथूनच साखळीत जातात. चक्र आणि साखळी यांचा सांधा या एका प्रथिनात आहे, म्हणून आकृतीत ते रेघेवर, पिवळ्या बाजूला झुकलेले दाखवावे.

चौथी पायरी: घडीच्या भिंती

आता एकच क्रिस्टा निवडून तिच्या सपाट भिंतीवर चार ठिपके ओळीने द्यावेत आणि त्यांना एक ते चार क्रमांक द्यावेत. ही इलेक्ट्रॉन वहन साखळीतली चार प्रथिनसंकुले. क्रमांक दोन म्हणजे आत्ताच पाहिलेले सक्सिनेट डीहायड्रोजनेज. एनएडीएच आपले दोन इलेक्ट्रॉन पिवळ्या बाजूने पहिल्या संकुलाला देतो. तेथून युबिक्विनोन हा छोटा, तेलात विरघळणारा वाहक ते पटलाच्या जाडीतूनच तिसऱ्या संकुलाकडे नेतो. तिसऱ्याकडून चौथ्याकडे ते सायटोक्रोम सी नेतो. हे छोटे प्रथिन पटलाच्या निळ्या बाजूला, क्रिस्टीच्या पोटात वावरते. चौथ्या संकुलात हे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळतात आणि पिवळ्या बाजूचे प्रोटॉन घेऊन पाणी बनते. वर्गाला गप्प करणाऱ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे: पाणी घडीच्या भिंतीत, चौथ्या संकुलात बनते, आणि त्यासाठी लागणारे प्रोटॉन आधारद्रव्यातले असतात.

इलेक्ट्रॉन असे उतरत जाताना जी ऊर्जा सुटते, ती प्रोटॉन पिवळ्याकडून निळ्याकडे ढकलण्यात खर्च होते. एका एनएडीएचच्या दोन इलेक्ट्रॉनांमागे पहिले संकुल चार, तिसरे चार आणि चौथे दोन, असे एकूण दहा प्रोटॉन निळ्या बाजूला पोहोचतात. दुसरे संकुल एकही ढकलत नाही. म्हणून एफएडीएच२मागे फक्त सहा पडतात आणि त्याच्यापासून मिळणारे एटीपी कमी असते. दहा आणि सहा हे आकडे बाणांवर लिहून ठेवावेत, शेवटी लागतील.

क्रिस्टी का हव्यात, याचे नेहमीचे उत्तर ‘पृष्ठफळ वाढवण्यासाठी’ असे असते. ते बरोबरच आहे: अखंड धडधडणाऱ्या हृदयाच्या स्नायूतल्या तंतुकणिकांत क्रिस्टी यकृतातल्यापेक्षा बऱ्याच दाट असतात. पण आपल्या प्रमाणबद्ध आकृतीत आणखी एक गोष्ट दिसते. घडीचे पोट दोन-तीन मिलिमीटरचे आणि गळा त्याहून मोठा नसलेला, त्यामुळे ढकललेले प्रोटॉन आणि सायटोक्रोम सी ज्या जागेत येतात ती चिंचोळी आणि जवळपास बंद आहे.

पाचवी पायरी: दोन रंगांमधला फरक

निळ्या बाजूचा पीएच पेशीद्रव्याइतका, म्हणजे साधारण ७.२, तर पिवळ्या बाजूचा ७.८च्या आसपास असतो. सोबत निळी बाजू धन आणि पिवळी ऋण असा सुमारे १५० मिलिव्होल्टचा विद्युतदाब असतो. हा आकडा किरकोळ वाटतो खरा, पण तो जेमतेम पाच नॅनोमीटरच्या तेलकट थरावर पडलेला आहे आणि मीटरच्या हिशेबात तो तीन कोटी व्होल्ट होतो.

येथे एक छोटे गणित करून पाहण्यासारखे आहे. आपल्या मापाच्या तंतुकणिकेचे आकारमान सुमारे ०.४ घन मायक्रोमीटर येते. पीएच ७.८ असताना एवढ्या जागेत मोकळे प्रोटॉन किती, हे मोजले तर उत्तर येते जेमतेम चार! ‘निळ्या जागेत प्रोटॉनांचा प्रचंड साठा होतो’ हे चित्र त्यामुळे मनातून काढून टाकावे. बहुतेक प्रोटॉन प्रथिनांना आणि फॉस्फेटला धरून असतात, आणि ऊर्जेचा मोठा वाटा प्रोटॉनांच्या संख्येत नसून पटलावरच्या विद्युतदाबात असतो. धरणाची उपमा वर्गात सोयीची पडते, पण ती येथवरच चालते.

हा दाब टिकण्याची अट एकच: आतली रेघ कोठेही फाटलेली नसावी. पेन्सिल न उचलण्याचा नियम त्यासाठीच होता. पटलाच्या दोन बाजूंमधला हा फरक हाच एटीपी बनवण्याचा दुवा आहे, ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. त्यापूर्वी संशोधक कित्येक वर्षे एखाद्या उच्च-ऊर्जेच्या मधल्या रेणूचा शोध घेत होते, आणि तो सापडत नव्हता. मिचेल यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

सहावी पायरी: घडीच्या टोकावरची फिरकी

आता त्याच क्रिस्टीच्या टोकाशी, जेथे रेघ वळते तेथे, १ मिलिमीटरचे छोटे गोल द्यावेत. हे एटीपी सिंथेजचे डोके. ते पिवळ्या बाजूला काढावे, निळ्या बाजूला नव्हे. सिंथेज जोडीजोडीने घडीच्या तीव्र वळणावर रांगेत बसलेले असतात आणि पटलाला तो बाक येण्यात त्यांचाच मोठा हात असतो.

प्रोटॉन निळ्याकडून पिवळ्याकडे परततात ते या सिंथेजच्या पटलातल्या चकतीवर बसून. चकती फिरते, तिच्याबरोबर मधला दांडा फिरतो आणि त्या फिरण्याने डोक्यातल्या तीन जागांचा आकार आळीपाळीने बदलून एडीपी व फॉस्फेट यांचे एटीपी होते. सस्तन प्राण्यांत या चकतीला आठ पाकळ्या असतात, म्हणून पूर्ण एका फेरीला आठ प्रोटॉन लागतात आणि तीन एटीपी मिळतात. तयार एटीपी पिवळ्या भागात असते, पण ते हवे असते पेशीद्रव्यात. ते बाहेर पाठवून एडीपी आणि फॉस्फेट आत आणायला आणखी एका प्रोटॉनएवढा खर्च येतो. अशा रीतीने एका एटीपीमागे एकूण सुमारे चार प्रोटॉन पडतात.

आता बाणांवरचे आकडे वापरावेत. दहाला चाराने भागले की एनएडीएचमागे २.५, आणि सहाला चाराने भागले की एफएडीएच२मागे १.५ एटीपी. एका ग्लुकोजसाठी पिवळ्या भागातले आठ एनएडीएच २० एटीपी देतात, दोन एफएडीएच२ तीन देतात, क्रेब चक्रातले दोन जीटीपी दोनाच्या बरोबरीचे आणि समासातले दोन एटीपी वेगळे, असे २७ झाले. समासातच तयार झालेले दोन एनएडीएच आतल्या पटलातून जाऊ शकत नाहीत. त्यांचे इलेक्ट्रॉन मध्यस्थामार्फत पोहोचवावे लागतात आणि मध्यस्थ कोणता यावर त्यांचे तीन किंवा पाच एटीपी ठरतात. म्हणून एकूण ३० किंवा ३२. अनेक पुस्तकांत अजून ३८ हा आकडा आढळतो. तो तीन आणि दोन अशा पूर्णांकी जुन्या हिशेबाचा आहे. परीक्षेत तुमच्या पुस्तकातला आकडा लिहावा, पण तो कोठून आला हे माहीत असावे.

सातवी पायरी: आकृतीची परीक्षा

आकृती कळली की नाही हे पाहण्यासाठी मी विद्यार्थ्यांसमोर एक जुना, ठरलेला प्रयोग ठेवतो. यकृतातून वेगळ्या केलेल्या तंतुकणिका ऑक्सिजन मोजणाऱ्या बंद भांड्यात घ्याव्यात, फॉस्फेट आणि इंधन म्हणून सक्सिनेट द्यावे, आणि ऑक्सिजन किती वेगाने घटतो त्याचा आलेख पाहावा. प्रत्येक टप्प्यावर पुढे काय होईल, हे आकृतीकडे पाहून आधी सांगावे.

सुरुवातीला ऑक्सिजन अगदी सावकाश घटतो. एडीपी नसल्याने सिंथेज थांबलेले आहे, प्रोटॉनांना परतीची वाट नाही, विद्युतदाब वाढून बसला आहे आणि त्या दाबाविरुद्ध साखळीला आणखी प्रोटॉन ढकलणे जड जाते. एडीपी टाकताच आलेख एकदम तीव्र उतरू लागतो, आणि दिलेले एडीपी संपले की पुन्हा सपाट होतो. पुन्हा एडीपी देऊन मग ऑलिगोमायसिन टाकले तर वेग मंदावतो, कारण ते सिंथेजमधली प्रोटॉनांची वाट बुजवते. आता डायनायट्रोफेनॉल टाकावे. हा रेणू प्रोटॉन घेऊन आतल्या पटलातून आरपार जातो. सिंथेज बंद असूनही ऑक्सिजनचा खप झपाट्याने वाढतो, पण एटीपी होत नाही, ऊर्जा उष्णता होऊन जाते. याच गुणामुळे १९३०च्या दशकात अमेरिकेत हे द्रव्य वजन उतरवण्यासाठी विकले गेले आणि तीव्र ताप चढून माणसे दगावली. शेवटी सायनाइड टाकले की आलेख पूर्ण सपाट होतो. चौथे संकुल बंद पडल्यावर इलेक्ट्रॉनांना जायला जागाच उरत नाही.

तंतुकणिका वेगळ्या करताना त्या बिघडल्या असतील, तर तेही याच आलेखावर कळते. पहिल्यापासूनच ऑक्सिजन भराभर घटत असेल आणि एडीपी टाकून काहीच फरक पडत नसेल, तर आतले पटल फाटलेले आहे. याउलट एडीपीने वेग वाढला, पण अपेक्षेपेक्षा कमी वाढला, आणि बाहेरून सायटोक्रोम सी घातल्यावर तो एकदम चढला, तर बाहेरचे पटल फाटून निळ्या भागातले सायटोक्रोम सी निसटले होते असे समजावे. धड तंतुकणिकेत बाहेरून घातलेले सायटोक्रोम सी आत पोहोचतच नाही, कारण पोरिनच्या छिद्रांना ते प्रथिन मोठे पडते.